ब्रेकसाहेबांचा बंद पडणारा कन्सोल

डेपोत त्यांना सगळे ब्रेकसाहेब म्हणत. बस थांबली हे प्रवाशांना खिडकीबाहेर पाहिल्यावर कळायचं, इतका त्यांचा ब्रेक हलका. निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. व्यायामाचे चेंडू दाबून ते कंटाळले, तेव्हा मुलीने गेमचा कन्सोल आणून टीव्हीला जोडून दिला. त्यात गाडी चालवायचा खेळ होता. बोटं आपोआप हलायला लागली, आणि घरात पुन्हा वळणांच्या, घाटांच्या गप्पा सुरू झाल्या.

मग एके दिवशी ऐन वळणावर कन्सोल बंद पडला. त्याचा दिवाही विझला. परत सुरू केला, चालला, आणि थोड्या वेळाने पुन्हा गुल.

"अहो, बटण दाबलं गेलं असेल चुकून," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

ती सहज बोलून गेली, पण ब्रेकसाहेबांच्या मनात ते रुतून बसलं. हात आपलं ऐकत नाही हे माहीत होतं. आता तो आपल्याला न विचारता काहीतरी करतोय की काय? दोन दिवस त्यांनी खेळाला हातच लावला नाही. विचारलं की म्हणायचे, "कंटाळा आला."

मुलीचा फोन आला तेव्हा बायकोनेच तिला सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, "फोन बाबांकडे दे. बाबा, बंद होताना पडद्यावर काही सूचना येते का? फार तापलाय वगैरे?"

"काही नाही. खटकन अंधार."

"मग तुम्ही बटण दाबलेलं नाही. हातातल्या कंट्रोलरवरून बंद केला तर आधी पडद्यावर विचारतो आणि मग सावकाश बंद होतो. तापला असता तरी बहुधा त्याने तसं सांगितलं असतं. वीजच तुटतेय कुठेतरी. बघाल का? पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठला ते कळणार नाही."

"हे मला शिकवतेस?" ब्रेकसाहेब म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता.

आधी त्यांनी कन्सोल बंद केला आणि विजेची केबल दोन्ही टोकांकडून काढून पाहिली. कुठे चेपलेली नाही, पिना काळ्या नाहीत. घट्ट बसवून खेळ लावला. बंद पडला. मग जुन्या रेडिओची अगदी तशाच टोकाची केबल निघाली, ती लावली. तरी बंद. म्हणजे केबल निर्दोष.

पुढचा संशय स्पाइक गार्डवर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्राला वाचवणाऱ्या त्या लांबट पट्टीवर. ती बरीच जुनी होती. "हीच असणार बघ," असं बायकोला ठासून सांगत त्यांनी पट्टी बाजूला केली आणि कन्सोल थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला. खेळ बराच वेळ चालला. बायकोने हातातलं काम ठेवलं आणि शेजारी येऊन बसली. घाट चढता चढता पडदा काळा झाला.

"झालं तुमचं निदान!" ती हसली.

ब्रेकसाहेब मात्र हसले नाहीत. प्लग काढताना त्यांनी त्याला बोट लावलं. कोमट होता, आणि सॉकेटमध्ये ढिला हलत होता. त्यांनी त्या सॉकेटचं बटण बंद केलं.

"कन्सोल आतल्या खोलीत नेऊ. टीव्हीही."

दोघांनी मिळून सगळं हलवलं. आतल्या खोलीत तोच कन्सोल, तीच केबल, संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मध्ये बायकोने कंट्रोलर मागून घेतला आणि गाडी सरळ नदीत घातली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून त्याने सॉकेट उघडलं. आतला स्क्रू सैल झाला होता आणि वायरचं आवरण तपकिरी पडलं होतं.

"खेळ जोरात चालला की यंत्र जास्त वीज ओढतं, सैल जोड तापतो आणि वीज तुटते. थोडं थंड झालं की पुन्हा लागते," तो म्हणाला. "वापरत राहिला असता तर भिंतीत जळालं असतं."

त्याने जळकी वायर कापली, नवं सॉकेट बसवलं आणि स्क्रू आवळला. ब्रेकसाहेब म्हणाले, "आता आला आहेस तर घरातली सगळीच बघून घे." फ्रिजमागच्या सॉकेटचाही एक स्क्रू सैल निघाला.

तो गेल्यावर ब्रेकसाहेब बायकोला म्हणाले, "अगं, मला वाटलं होतं, हातच दगा देतोय."

"मग आधी बोलायचं की!" ती जवळजवळ ओरडलीच. मग तिने त्यांचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि एकेक बोट उघडून चोळत बसली. आजवर अर्धीच उघडणारी अनामिका आता पूर्ण सरळ होत होती. ते आधी तिच्याच लक्षात आलं.