पाठपोट

मागची बाजू कोण बघतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. माझा नवरा म्हणायचा, झेरॉक्सवाला म्हणायचा आणि आमचे सुपरवायझर मामाही म्हणायचे. मी मात्र प्रत्येक सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठपोट काढायचे. दोन हजारच्या दशकात मिरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या एका गाळ्यात आमची इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगची छोटी फर्म होती. साइट नवरा बघायचा, ऑफिस आणि टेंडरं मी.

त्या काळी टेंडर दोन लिफाफ्यांत भरायचं. पहिल्या लिफाफ्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिल्यात एक कागद कमी पडला की दुसरा लिफाफा न उघडता परत मिळायचा. त्यामुळे माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. फर्मचं लायसन्स, मामांचं सुपरवायझरचं सर्टिफिकेट, वायरमनची परमिटं. प्रत्येकाची मुदत केव्हा संपते, नूतनीकरणाला केव्हा टाकायचं, मूळ कागद सध्या कुठे आहे. मुदत संपायच्या पुष्कळ आधी मी अर्ज करायचे. कारण मूळ सर्टिफिकेट सरकारी कार्यालयात अडकलं असताना टेंडर निघालं, तर दाखवणार काय?

मामा मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला पेणकरपाड्यात. ते म्हणायचे, "वहिनी, माझ्या लग्नाची तारीख माझ्या बायकोला आठवत नाय, पण माझ्या सर्टिफिकेटची तुम्हाला झोपेत पण सांगता येईल."

नूतनीकरणाचा शिक्का सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला बसतो. पुढे फोटो, नंबर आणि पहिली मुदत. माणूस आज पात्र आहे की नाही, ते मागे कळतं. एवढं साधं होतं, पण वेळ वाचवायला लोक पुढचीच बाजू लावायचे आणि बहुतेकदा खपूनही जायचं.

मामा आमच्याकडे आले ते एका मोठ्या फर्ममधून. घेताना मी अट घातली होती की जुन्या फर्मने मुक्त केल्याचं पत्र आणायचं, मगच आमच्या लायसन्सवर नाव चढवणार. पूर्णवेळ सुपरवायझर दाखवल्याशिवाय फर्मला लायसन्स मिळत नसे, म्हणून एका सुपरवायझरचं सर्टिफिकेट दोन-तीन फर्मनी वापरायचं, हा तेव्हा राजरोस चालणारा धंदा होता. माणूस एका ठिकाणी, कागद चार ठिकाणी. मला ते नको होतं. मामांनी पत्र आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही घ्या माझी सोडचिठ्ठी. पोटगी काय दिली नाय."

मग एका निमसरकारी कार्यालयाचं टेंडर निघालं. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीचं सगळं वायरिंग बदलायचं होतं. लिफाफे उघडायच्या दिवशी मी मामांना बरोबर घेतलं. मूळ कागद पडताळणीला मागतील तर माणूसही समोर असलेला बरा. नवरा म्हणाला, "अगं, टेंडर उघडायला जातेस की मामांना दाखवायला?"

कार्यकारी अभियंता साहेब टेबलाच्या टोकाला, बाजूला क्लार्क, समोर आम्ही बोली भरणारे. क्लार्क एकेक लिफाफा फोडून कागद वाचत होता. आमचा झाला. त्यानंतर मामांच्या जुन्या फर्मचा फोडला आणि तो थांबला.

"साहेब, सुपरवायझर सेम आहे. नंबरपण सेम."

साहेबांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. दोन्हींवर मामांचा तोच फोटो, काळ्या केसांचा. "एकच माणूस दोन फर्मकडे पूर्णवेळ? दोन्ही बाद करा. आणि याच्या सर्टिफिकेटवर कारवाई करा म्हणून परवाना कार्यालयाला कळवा."

मामा उभे राहिले. "साहेब, मी सर्टिफिकेट कुणाला दिलेलं नाय."

"सगळे असंच म्हणतात."

टेंडर गेलं असतं तर दुसरं भरलं असतं. पण मामांचं सर्टिफिकेट गेलं असतं, तर त्या वयात त्यांना पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली तारा ओढायला लागल्या असत्या. आणि सर्टिफिकेट विकणारा म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच. माझं डोकं तापलं.

"साहेब, आमची प्रत उलटून बघा," मी म्हटलं.

"मॅडम, मागे काय बघायचं?"

"मुदत. टेंडरमध्ये तुम्हीच लिहिलंय, उघडण्याच्या दिवशी सर्टिफिकेट चालू असलं पाहिजे. ते पुढे दिसत नाही. आता त्यांची उलटा."

क्लार्कने आमची उलटली. चालू मुदतीचा शिक्का होता. त्यांची उलटली तर कोरा पांढरा कागद, आणि पुढच्या बाजूची पहिली मुदत केव्हाच संपलेली.

मोठ्या फर्मचा मॅनेजर हसत हसत माझ्या शेजारी येऊन बसला. "भाभीजी, छोडो ना. आमच्या पोराने जुन्या फायलीतली झेरॉक्स लावली. गलती झाली. तुम्ही आज शांत राहा, पुढचं काम आपण मिळून करू."

"तुमची चूक तुम्ही साहेबांना सांगा. माझ्या कानात काय सांगताय?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. खोलीतले बाकीचे कॉन्ट्रॅक्टर वळून बघायला लागले.

मग मी पिशवीतून काढून टेबलावर मांडलं. मूळ सर्टिफिकेट. आमच्या लायसन्सवर मामांचं नाव चढवल्याचं पत्र. जुन्या फर्मचं, याच मॅनेजरच्या सहीचं, मुक्त केल्याचं पत्र. "आता यांच्याकडे मामांच्या संमतीचं पत्र मागा. आमच्यात लावलंय, या महिन्याच्या तारखेचं."

संमतीपत्र त्यांच्या लिफाफ्यात नव्हतंच.

साहेब वैतागले. "मॅडम, तुम्ही मला नियम शिकवू नका."

"शिकवत नाही, लिहून मागतेय. यांची प्रत मुदत संपलेली होती आणि मामांना न विचारता लावली होती, असं आजच्या नोंदीत लिहा. त्याशिवाय मी हजेरीच्या कागदावर सही करणार नाही."

साहेबांनी मामांकडे बघितलं, मग मूळ सर्टिफिकेटकडे. "फोटोत केस होते तुम्हाला."

"ते पण जुन्या फर्मकडे राहिले, साहेब," मामा म्हणाले. क्लार्क फिसकन हसला आणि नोंद लिहायला लागला.

त्यांचा दराचा लिफाफा न उघडता परत गेला. आमचा उघडला, पण दरात आम्ही दुसऱ्या नंबरवर आलो आणि काम भलत्याच फर्मला मिळालं. घरी नवरा म्हणाला, "एवढं भांडलीस आणि काम गेलंच."

"काम गेलं. मामा राहिले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन थेट त्या फर्मच्या ऑफिसात गेले. मामा म्हणत होते, "वहिनी, जाऊ द्या, झालं ना." पण फाइल तिथे होती तोवर ते झालेलं नव्हतं. मॅनेजरला म्हटलं, "मामांच्या जितक्या झेरॉक्स असतील तितक्या काढा. मी बसलेय." पाणी नाही, चहा नाही. शेवटी त्याने एक गठ्ठा आणून आपटला. सगळ्या प्रती एका बाजूच्या.

ऑफिसात आल्यावर मी प्रत्येकीवर लाल पेनाने आडवी फुली मारली आणि गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. पुढे कित्येक महिने माझ्या सामानाच्या याद्या त्या कोऱ्या पाठीवर लिहिल्या गेल्या. वायर, स्विच, इन्सुलेशन टेप. मामा यादी घेऊन दुकानात निघाले की दर वेळी ती उलटून स्वतःचा फुली मारलेला फोटो बघायचे, आणि मग घडी घालून खिशात ठेवायचे.