तात्यांची पॉवर बँक आणि डिझेलचं फडकं

पहिल्या पगारातून मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॉवर बँक घेऊन दिली होती. ते ट्रॅक्टरनं ऊस घेऊन माळेगावच्या कारखान्यावर जातात, तिथल्या रांगेत तासन्‌तास अडकतात, आणि फोन बंद पडला की घरी आईचा जीव टांगणीला. आधी "मला कशाला?" म्हणाले, मग रांगेतल्या प्रत्येकाला दाखवत सुटले, "लेकीनं घेतलीया."

ऐन हंगामात ती बंद पडली. दुसरी घेते म्हटलं तर तात्या फिस्कारले, "नगं. असलं काय टिकत न्हाय." माझा पहिला पगार पाण्यात गेला, असं त्यांच्या मनात बसणार, आणि ते मला अजिबात सोसणार नव्हतं. वर्षभराची वॉरंटी होती. बदलून आणायचीच, असं ठरवून मी तात्यांना घेऊन बारामतीच्या सर्व्हिस सेंटरवर गेले.

मी तयारीनिशी आले होते. बिलावरची शाई उडाली होती, पण मी घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढला होता. दुकानाचा जीएसटी नंबर, मॉडेल, तारीख, सगळं स्पष्ट. खोकंही होतं, त्यावर सिरीयल नंबर आणि बॅच. काउंटरवरच्या बाईंनी सगळं पाहून मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी पॉवर बँक उलटी केली. पाठ कोरी! खोक्यावरचा नंबर वस्तूवर जुळल्याशिवाय दावा घेता येत नाही, खोकं कुणाचंही असू शकतं, असं त्या म्हणाल्या.

मी तात्यांकडं पाहिलं. ते रोज सकाळी ट्रॅक्टर डिझेलच्या फडक्यानं पुसतात. पॉवर बँकही ट्रॅक्टरचीच, म्हणून तीही रोज त्याच फडक्यानं चकाचक! असा संताप आला! छापलेला नंबर डिझेलनं पार पुसून नेला होता.

तेवढ्यात पॉवर बँकेच्या पाठीवर, एका कोपऱ्यात वाळलेलं कुंकू दिसलं. खंडेनवमीला ट्रॅक्टरबरोबर तिचीही पूजा झाली होती. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, हा तात्यांचा नेम. फडकं तेवढी जागा सोडून फिरायचं. मी पॉवर बँक तात्यांच्या हातात ठेवली.

"तात्या, हितलं पुसा."

"आगं, पूजेचं हाय ते."

"आपल्या हातानं पुसा."

त्यांनी पॉवर बँक आधी कपाळाला लावली, मग टॉवेलचं टोक ओलं करून हळूच फिरवलं. लाल निघालं आणि खालून बारीक, करडे आकडे वर आले. पूर्ण नंबर! बाईंनी खोक्याशी एकेक आकडा ताडून पाहिला. जुळला. मी काउंटरवर हात आपटला, बाईसुद्धा हसल्या.

आठवड्यानं नवी आली. आईनं कुंकवाची वाटी आणली. तात्यांनी पॉवर बँक उलटी केली, चष्मा लावून नंबर शोधला आणि कुंकवाचं बोट बरोब्बर त्याच्यावर टेकवलं.

"ऱ्हाऊ दे झाकून," म्हणाले. "लेकीची वस्तू हाय."