थट्टेची परवानगी

कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या छोट्या दुकानात मेसेजना उत्तरं द्यायला दोघं बसत. त्यातल्या बाईंचं नाव सगळ्यांनी ‘पूर्णविराम’ ठेवलं होतं. फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाइकं मेसेजच करत. कुणी ‘नमस्कार’ म्हटलं की बाई लिहीत, ‘नमस्कार. काम सांगा.’ शेजारचे काका मात्र हात सैल सोडून लिहीत: तीन उद्गारचिन्हं, चार हसरे चेहरे आणि वर एखादी कोपरखळी.

मालकिणीला एका दुकानाची दोन तोंडं नको होती. पहिलं उत्तर कसं असावं याची नियमावली लिहायचं काम तिने बाईंवर सोपवलं आणि जाता जाता म्हणाली, थट्टा बंद ठरली तर काकांना गोदामात बसवू. काकांनी ते ऐकलं. दिवसभर त्यांनी एकही कोपरखळी मारली नाही, आणि बाईंना एकही ओळ सुचेना.

त्यांनी महिन्याभराचे मेसेज काढले. स्वतःची उत्तरं वाचून त्या खजील झाल्या. त्यांच्याशी लोक कामापुरतं बोलले होते. काकांना मात्र खरं सांगून बसले होते: यंत्र टोचतं म्हणून डबीतच पडलंय, सुनेला कळू देऊ नका. मग एक ‘नमस्कार’ सापडला. खाली काकांचं उत्तर: ‘या या!!! यंत्र बंद, म्हणजे घरच्यांचं ऐकायला नको ना आता?’ आणि पुढे खदखदून हसणारा चेहरा. त्याखाली लिहिलं होतं, ‘वडील गेले. यंत्र कुणा गरजूला द्यायचं होतं.’

बाईंनी तो मेसेज काकांपुढे धरला. काकांनी त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली होती, पण दुकानात कुणाजवळ बोलले नव्हते.

“गोदामच बरं,” ते म्हणाले. “माझा हात आवरत नाही हो.”

“तुमचा आवरता येईल. माझा कुणी सैल करायचा?” बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत अर्धं पान झालं. उत्तर दोन ओळींचं, एक स्वागताची, एक विचारपुशीची. समोरच्याने मनमोकळं लिहिलं तर आपणही थोडं जास्त लिहावं. उद्गारचिन्ह एकच, तेही स्वागताला. चेहरा समोरच्याने पाठवला तरच, आणि एकच. पहिल्या उत्तरात थट्टा नाही, कारण समोरचा काय घेऊन आलाय ते अजून कळलेलं नसतं. कळल्यावर, तो हसेल असं वाटलं, तर जरूर करावी.

इथे बाई अडल्या. थट्टा कशी करावी हे त्यांना काही केल्या लिहिता येईना. आयुष्यात त्यांना ते कधी जमलंच नव्हतं, आणि काकांचा त्यांना थोडा हेवाही वाटे. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘ती कशी करायची ते काकांना विचारावं. त्यासाठी काकांनी इथेच बसावं.’

मालकिणीने शेवटची ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.