सव्वा कोटी लिटर

लोहारा इथल्या भाड्याच्या खोलीत बसून ममता दहा वर्षं इंग्रजीचं मराठी करत आली. आकडा आला की ती तो आधी मोठ्यानं म्हणून बघायची. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे कोणीही पाठ करेल हो. पण 'दशलक्ष' छापलं की गावचा माणूस नुसता तोंडाकडे बघतो, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून मारेगावकडच्या एका कोळसा खाणीच्या अहवालात 'रोज १२.५ मिलियन लिटर भूजल उपसा' आलं, तेव्हा तिनं सरळ 'सव्वा कोटी लिटर' लिहिलं. खाण तिच्याच गावाला लागून होणार होती. हा आकडा वाचून गाव जनसुनावणीत पेटून उठेल, असं तिला वाटलं.

सुनावणीला ती गावात पोचली, तर मंडपात सगळे निवांत. तिचे काका मारोतराव, ज्यांची विहीर खाणीच्या हद्दीला चिकटून, अहवालाची छापील मराठी प्रत घेऊन माइकपाशी उभे होते.

"रोज साडेबारा लाख लिटर," त्यांनी वाचलं. "म्हंजे दहा हजाराचे सव्वाशे टँकर. येवढ्यानं काही विहिरी आटत नाही. आमची हरकत नाही. फक्त रस्ता अन् पोरायले काम द्या."

 ममतानं बाहेर येऊन अनुवादाच्या एजन्सीत फोन लावला. तपासनीस सुरभी अगदी थंडपणे म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटर दोन्ही भाषांतले आकडे जुळवतो. तुमच्या मराठीत १२.५ कुठेच नव्हतं, लाल खूण आली. मग मी १२.५ टाकलं, आणि मिलियनचं लाख केलं."

घ्या! लाल खूण गेली आणि पाणी दहापट कमी झालं.

ममता धावत गेली आणि तिनं माइक हातात घेतला. "काका, सव्वाशे नाही. साडेबाराशे टँकर, रोज."

"मूळ इंग्रजी प्रतच ग्राह्य धरली जाते," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले. "तीही महिनाभर ग्रामपंचायतीत होती. अनुवादकाचं म्हणणं नोंदवून घ्या." कारकुनानं एक ओळ लिहिली. काकांची 'हरकत नाही' त्याच्या वरच्याच ओळीत होती. ती बदलता येईल का, हे तिनं दोनदा विचारलं. कारकुनानं पान उलटलं.

"म्या महिनाभर घरोघरी हेच वाचून दाखवलं," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "म्हटलं, ममतानं लिवलं, आकडा चुकनार नाही."

बायकांमधून गावातल्याच तुळसाकाकी उठून आल्या. "ममता, या कागदाचे पैसे तुले कोनं देल्ले?"

एजन्सीनं दिले होते, आणि एजन्सीला खाणीनं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, तिनं तेच सांगितलं.

"मंग राहू दे तुहा आकडा," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या हातातला माइक काढून घेतला.