खाणं-राहणं धरून पगार

आमच्या घरी नोकरी आली ती एकटी नाही आली, एका आठवड्यात दोन आल्या. तोवर नोकरी म्हणजे काय हे आमच्यात कुणाला ठाऊक होतं? सानपाड्याच्या पलीकडे खाडीकाठी आमचं गाव. खारी जमीन, भाताचं एक पीक, ते काढलं की पावसापर्यंत मिठागरावर मजुरी. माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलेलं, मुलगी अंगावर पिणारी. सासऱ्यांची कंबर कामातून गेलेली. घरात कमावते हात म्हणजे एकटे आमचे हे.

त्यात गेल्या पावसात कुडाची भिंत पडली होती. तिथं आम्ही झावळ्या लावून दिवस काढले. विटांची भिंत घालायची तर रोख पैसा हवा, रोख पैसा हवा तर घरचा माणूस बाहेर जायला हवा, आणि माणूस बाहेर गेला तर शेत कोण राखणार? सगळा घोळ एवढाच. पण तो सोडवताना आमच्या नाकी नऊ आले.

हॉटेलची नोकरी शेजारणीच्या मुलानं आणली. तो खाडीपलीकडे मुंबईत एका हॉटेलात होता, सणावाराला होडीनं यायचा. केसांना तेल, पायात चपला, बोलण्यात ऐट. आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "महिना पस्तीस. दोन टायमाचं जेवान, चहा पायजे तेवढा, झोपायला जागा. कापाकापी काय नाय. पस्तीसच्या पस्तीस शिल्लक."

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "मग तुजी दोन वर्षांची शिल्लक कुठं हाय रे? तुज्या आयेच्या अंगावर तर तेच लुगडं दिसतंय."

पोरगा गोरामोरा झाला. मग हळूहळू एकेक बाहेर पडलं. पगार मालकाकडे जमा राहतो, मागितला की थोडा देतो. कपबशी फुटली की त्यातून पैसे वळते करतो. झोपायचं ते टेबलं पुसून त्याच टेबलांवर, तेही शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर, आणि पहाटे दूधवाला आला की उठायचं. सुट्टी मागितली तर मालक म्हणतो, जा, पण जागा धरून ठेवणार नाही. जेवण फुकट खरं, पण मासळीचा तुकडा नाही, म्हणून हा आठवड्यातून दोनदा बाहेर पैसे टाकून खातो. एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पन वहिनी, कापाकापी काय नाय." हसावं की रडावं!

दुसरी नोकरी रस्त्याची. ठाणे-बेलापूर रस्त्याला तेव्हा कारखाने उभे राहत होते, तिथल्या एका ठेकेदाराला माल उतरवायला माणसं हवी होती. रोज तीन रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस. त्यातून खुराकी, म्हणजे जेवणाचे, रोजचा एक रुपया कापणार. पत्र्याच्या खोलीतल्या जागेचे महिन्याला चार. शाळा मी पाहिली नव्हती, पण मिठागरावर माझ्या मजुरीचा हिशोब कधी कुणाला बुडवू दिला नव्हता. बोटांवर मोजलं, चव्वेचाळीस उरत होते. हॉटेलपेक्षा नऊ जास्त, आणि कारखाना आमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर.

"मग घरूनच जा की," मी ह्यांना म्हटलं. "भाकरी मी बांधून देईन. चौतीस वाचतील."

हे म्हणाले, "नाय घेत तसा. ट्रक कदी पन येतो. आत राहील त्यालाच काम."

तिथंच माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती खोली आपल्या सोयीसाठी नव्हतीच. ट्रक रात्री-बेरात्री आला तरी माणूस हाताशी हवा, ही त्याची सोय, आणि भाडं मात्र आपण भरायचं!

सासूबाईंना हे पटेना. त्या म्हणाल्या, "अगो, खानारं एक तोंड कमी होईल ते धर की हिशोबात."

"तोंड जाईल तसे हात पन जातील, आये," मी म्हटलं. "बांधावर कोन जाईल?"

हे बांधाचं सांगायला हवं, नाहीतर कळायचं नाही. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे उभा फक्त मातीचा बांध, आणि तो साऱ्या गावाचा. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की घरटी एक गडी चिखलाची पाटी घेऊन बांधावर हजर. ज्या घरचा गडी नसेल त्यानं मजूर लावायचा. बाईमाणूस आलं तर अर्धा गडी धरायचे. कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण पाटी मात्र बाईलाही तेवढीच भरून द्यायचे.

सासरे पडल्या जागेवरून उठून बसले. ते एवढंच बोलले, "भिंत आज ना उद्या होईल. खारं पानी शेतात आलं तर तीन पावसाळे भात होनार नाय." पण त्यांच्या पाठीला झावळ्यांतून वारा लागायचा, ते रात्रभर कण्हायचे, आणि ते कण्हणं ह्यांना ऐकवत नव्हतं. लावणी आटपली आणि हे कारखान्यात गेले. पीक हातात येईपर्यंत बांध मी सांभाळायचा असं ठरलं.

पहिल्या महिन्याला पगार नाहीच. ठेकेदाराची रीत अशी की एक पगार मागे ठेवायचा, म्हणजे माणूस पळत नाही. दुसऱ्या महिन्याला चव्वेचाळीस यायचे ते एकतीस आले. घोंगडीचे कापले, बुटांचे कापले, आणि ताप आला म्हणून दोन दिवस पडून होते त्या खाड्याची मजुरी गेली. मजुरी गेली ती गेली, पण त्या दोन दिवसांची खुराकी तरी सोडायची? तापात माणूस पेजेचं पाणी पितो! आणि रविवारी हे घरी येऊन माझ्या हातचं जेवायचे तेव्हाही तिकडे डाळीचा रुपया कापला जात होता. मी म्हटलं, "त्याला सांगा, रविवारची डाळ डब्यात घालून दे." हे हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. खांद्याची सालटं निघाली होती.

एकतिसातले चार मी बांधावर घातले. दोन उधाणांना मी स्वतः गेले, पोरगी सासूकडे ठेवून. माझा अर्धा गडी धरला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोन वेळा दोन-दोन रुपयांचा मजूर. राहिले सत्तावीस. सासूबाईंना मी सत्तावीस मोजून दाखवले. त्या दिवसापासून तोंड कमी झाल्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

भादव्याची अमावास्या आली. भात पोटरीतून बाहेर पडून कणीस धरत होतं. त्या दिवशी भरती दुपारची. समुद्राकडून वारा सुटला होता, पाणी सकाळपासूनच चढं होतं, आणि भरती भरायच्या आधीच हाकाटी झाली की आमच्या शेताच्या अंगाला बांधाला खांड पडली, बांध फुटतोय. गावातले सगळे धावले. गावच्या पुढाऱ्यानं माझ्याकडं बघून सांगितलं, "तुजा गडी बोलाव. आज अर्ध्यानं भागनार नाय."

मी पदर खोचला आणि कारखान्याकडे पळत सुटले. तासाची वाट, किती वेळात गेले ते सांगता येत नाही. गेटावर मुकादम होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, ट्रक लागलेत. आत राहणाऱ्याला असं उठून जाता येत नाही. गेला तर मागं ठेवलेला पगार विसरायचा, आणि उद्या त्याच्या जागी दुसरा." मग त्यानं ह्यांना गेटापाशी बोलावलं.

हे आले. अंगभर पांढरी भुकटी, फक्त डोळे तेवढे ओळखीचे. गेटाच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी म्हटलं, "चला." तेवढंच म्हटलं, दम उरला नव्हता.

ह्यांनी मागे वळून ट्रककडे बघितलं. मग म्हणाले, "परवा पगार हाय. मागचा धरून दोन महिन्यांचा अडकलाय. आता गेलो तर ह्यो पन गेला आनि भिंत पन. तू जा. गाव हाय तिथं."

मला राग आला. आणि त्याच वेळी दिसत होतं की ह्यांचं चुकीचं काही नाही. दोन महिने सालटं काढून घेतलेला माणूस तो पैसा कसा सोडेल? सोडायला सांगणारी मी कोण, आणि शेत सोडून देणारे हे तरी कोण? मी वळले आणि पुन्हा धावत सुटले.

बांधावर पोचले तेव्हा माणसं छातीइतक्या पाण्यात उभी होती. मी शिरले. कुणीतरी पाटी हातात दिली. आम्ही चिखल टाकत होतो आणि पाणी तो नेत होतं. गावानं जिवाचं रान केलं, खोटं का बोलू? शेताशेतांमधला आडवा बांध धरला म्हणून बाकीच्यांची शेतं राहिली. खांडीलगतची दोन गेली. त्यातलं एक आमचं. ओहोटी लागली तेव्हा पाणी निघून गेलं, कणसं उभी होती तशीच होती, हिरवीगार. ती पिवळी पडायला चार दिवस लागले. सासरे रोज कंबर धरून तिथवर जायचे आणि बघून यायचे.

हे आले ते पगार घेऊन आले. त्या महिन्याचा सगळा मिळाला होता, ठेकेदारानं एक पैसा जास्तीचा कापला नव्हता. माझ्या हातात दिला आणि शेताकडे गेले. परत आले तेव्हा ओटीवर बसून राहिले, जेवायला उठेनात. मी रागावणार होते, काय काय बोलायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. पण त्यांचे हात बघितले आणि पाणी आणून पुढं ठेवलं.

दिवाळीच्या सुमाराला कणगी रिकामी झाली. दरसाल त्या वेळी नवा भात घरात यायचा. मी भिंतीचे म्हणून ठेवलेले ते पैसे घेतले आणि बेलापूरच्या दुकानातून तांदूळ आणले. आमच्या घरात तांदूळ विकत आणायची ती पहिलीच वेळ. पिशवी डोक्यावर घेऊन गावातून यायला मला लाज वाटली, म्हणून आडवाटेनं आले. त्या रविवारी हे घरी होते. सासऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला, चावता चावता थांबले, आणि विचारलं, "कोनाच्या शेतातला गो ह्यो?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "माज्या पगाराचा हाय, बाबा. जेवा."

सासरे जेवले. संध्याकाळी ह्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि कारखान्याची वाट धरली. तीन पावसाळे आता आम्हाला तांदूळ विकतच घ्यायचे होते. जावं की न जावं असं त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.