मोनाचा फोटो आणि खालची बारीक अक्षरं

कळंब्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मही भरून देते. गिऱ्हाइकांत मला सगळ्यात वैताग यायचा तो शालूबाईंचा. मेसमध्ये भाकऱ्या थापणारी बाई, पण साध्या पावतीवर काय लिहिलंय ते माझ्याकडनं वाचून घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. मागं रांग लागली तरी फिकीर नाही.

परवा त्या मोबाईलमध्ये मेसमधल्या पोरानं काढून दिलेले दोन स्क्रीनशॉट घेऊन आल्या. दुकानात माझ्या आईची तसबीर आहे. जुना पिवळा फोटो एका वेबसाइटवर चढवून मी लख्ख करून घेतला होता. शालूबाईंना त्यांची मोना तशी करून हवी होती. लेक जाऊन सहा वर्षं झाली. एकच फोटो उरलेला, तोही पुरात भिजून निम्मं तोंड पुसलेला. दोन स्टुडिओवाल्यांनी हात टेकले, म्हणून वेबसाइटचं नाव मीच दिलं होतं. फोटो चढवायच्या आधी तिथं ज्या दोन चौकटी आल्या, त्यांचेच हे स्क्रीनशॉट.

“ॲक्सेप्ट दाबा की मावशी. सगळं जग दाबतंय.”

“आधी वाच.”

वाचलं. पहिली कुकीजची चौकट होती. “ही वेबसाइट आणि तिचे एकशे बासष्ट भागीदार तुमच्या मोबाईलात बारक्या फायली ठेवणार. तुम्ही काय बघता ते टिपणार, त्यावरनं जाहिराती दाखवणार. पण हे नको म्हणता येतंय. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केलं तरी काम होतंय.”

“आनि दुसरं?”

दुसऱ्यात अटी होत्या. वाचता वाचता माझाच आवाज बारीक झाला. “फोटो तुमचाच राहणार. पण एकदा चढवला की तो वापरायचा, बदलायचा, जाहिरातीत दाखवायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क त्यांना मिळणार. फुकट आणि कायमचा. तुम्ही मागनं पुसला तरी.”

“म्हंजे माझी मोना कुनाच्या बी जाहिरातीत?”

“येईलच असं न्हाय. पण आली तर अडवता येणार न्हाय.”

शालूबाई स्टुलावर बसल्या. “तिच्या ऑपरेशनच्या टायमाला बी कागद दिलता. सही करा, सगळीच करत्यात, म्हनली नर्सबाई. केली. मोना माघारी आली न्हाय. वाचून घेतलं असतं तर ऱ्हायली असती असं न्हाय गं. पन मी काय कबूल केलतं, ते मला आजून ठावं न्हाय.”

इतकी वर्षं मी या बाईला खवट समजत होते. माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी पिशवीतनं फोटो काढला, त्यावरनं अंगठा फिरवला. “माझं तोंड असतं तर दिलं असतं. तिचं कसं दिऊ? हनुवटी तेवढी दिसतीया. बास मला.”

उठताना त्यांची नजर आईच्या तसबिरीवर गेली. “हिच्या टायमाला वाचलंतंस?”

मी मान हलवली, नाही म्हणून. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

दुकान बंद करायच्या आधी मी वेबसाइटवरचा आईचा फोटो पुसून टाकला. पुसून काही उपयोग नाही, हे घटकाभरापूर्वी मीच वाचून दाखवलं होतं.