तक्त्याखालच्या चार ओळी

ऑफिसात तिला सगळे कारणबाई म्हणत. नाव चेष्टेतून पडलं आणि मग अंगाला चिकटलं. कुणी तिच्या टेबलापाशी येऊन म्हणालं, की या महिन्यात वाहतुकीचा खर्च वाढला, तर ती चष्मा डोक्यावर सरकवून शांतपणे विचारायची, "कारण?" समोरचा म्हणायचा, "वाढला म्हणजे वाढला, बाई." त्यावर ती म्हणायची, "ते तक्त्यात दिसतंय. मला जे दिसत नाही ते सांगा."

पाण्याचे पंप बनवणारा तो कारखाना. दर तीन महिन्यांनी संचालक मंडळापुढे एक अहवाल जायचा. त्यात बारा तक्ते, आणि प्रत्येक तक्त्याखाली चार-पाच ओळींचं टिपण. तक्ते यंत्र काढायचं, ओळी कारणबाई लिहायची. वर आकड्यांचं रान आणि खाली त्यातून जाणारी पायवाट. वाट नीट आखली नाही, तर वाचणारा रानात शिरतो आणि स्वतःच्या मनाची वाट काढतो. मग तो कुठं निघेल याचा नेम नसतो.

हे तिला शिकवलं ते हिशेबखात्याच्या साहेबांनी. ती नवखी असताना तिनं पहिलं टिपण लिहिलं होतं : 'विक्री आठ टक्क्यांनी वाढली, खर्च अकरा टक्क्यांनी वाढला.' साहेबांनी ते वाचून कागद परत तिच्याकडे सरकवला. म्हणाले, "हे तर वरच्या रकान्यात आहे. संचालकांना वाचता येतं गं. त्यांना एवढंच विचारायचं असतं, का वाढलं, आणि पुढं काय होणार. ही दोन उत्तरं नसतील, तर तो पसारा आहे, टिपण नाही." त्या दिवसापासून ती त्यांच्या हाताखाली वाढली. पोटच्या पोरीसारखं शिकवलं त्यांनी तिला, आणि पोटच्या पोरीसारखं रागावलेही.

तेच साहेब आता निवृत्त व्हायला निघाले होते. हा त्यांचा शेवटचा तिमाही अहवाल.

या अहवालात एक काटा होता. दुरुस्ती विभागाचा खर्च ओळीनं तिसऱ्या तिमाहीत अंदाजाच्या वर गेला होता. मागच्या बैठकीत एका संचालकानं म्हणून ठेवलं होतं, की हा विभाग बंद करून काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं. आता त्यावर निर्णय होणार होता. विभागात सात माणसं होती. त्यांचा मुख्य मिस्त्री रोज जेवणाच्या सुट्टीत हिशेबखात्याच्या दारावरून जायचा, एरवी तो आत डोकवायचा, हल्ली नुसता जायचा.

एकदा कारणबाईनंच त्याला हाक मारली. "मिस्त्री, आत या. दारावरून असे जाताय, जणू आमचं देणं लागताय."

तो आला, पण बसला नाही. म्हणाला, "काय लिहिताय आमच्याबद्दल?"

"अजून काहीच नाही."

"मागच्या दोन्ही वेळेला लिहिलंत, वॉरंटीची कामं वाढल्यामुळं खर्च वाढला. खोटं नाही ते. पण वाचणाऱ्याला वाटतं आम्हीच कामं वाढवून घेतो. बाई, आजार वाढला तर दोष वैद्याला द्यायचा का?"

तो गेला, आणि ती बराच वेळ त्या दोन जुन्या टिपणांकडे बघत राहिली. तिचंच होतं ते वाक्य. कारणाच्या एका पायरीवर जाऊन ते थांबलं होतं. कामं वाढली म्हणून खर्च वाढला. पण कामं का वाढली, ते कुणी विचारलंच नव्हतं. खुद्द कारणबाईनंही नाही.

तिनं पहिल्यांदा खर्च दोन भागांत फोडला. कामं किती, आणि एका कामाला खर्च किती. पाच तिमाह्या शेजारी शेजारी लावल्या, तर एका कामाचा खर्च जिथल्या तिथं होता, उलट जरासा उतरला होता. म्हणजे मिस्त्रीची माणसं महाग झाली नव्हती. वाढली होती ती फक्त कामं. मग तिनं दुरुस्तीची जॉबकार्डं मागवली आणि प्रत्येक पंप कोणत्या महिन्यात बनला ते बघितलं. दर तीन पंपांतले दोन एकाच तारखेनंतर बनलेले निघाले, आणि दोष एकच, पाणी अडवणारं सील गळतंय.

ती तारीख तिला ओळखीची वाटली. अहवालाच्या दुसऱ्या तक्त्याखाली, खरेदीच्या टिपणात, वर्षभर एक वाक्य मिरवत होतं : 'सीलचा पुरवठादार बदलल्याने दर तिमाहीला नऊ लाखांची बचत.' दुसऱ्या तक्त्याखाली बचत, सातव्याखाली दुरुस्तीचा खर्च. मधे चार पानं. पंप बनायचा, विकला जायचा, काही महिने चालायचा आणि मग गळायचा, म्हणून बचत आधीच्या तिमाहीत दिसायची आणि खर्च नंतरच्या. दोन्ही टिपणं आपापल्या जागी खरी होती. त्यांची एकमेकींशी ओळख कुणी करून दिली नव्हती.

आणि पुरवठादार बदलण्याची कल्पना साहेबांची होती. त्यांनीच खरेदीवाल्यांच्या मागं लागून ती करून घेतली होती. निरोपसमारंभात अध्यक्षबाई याच बचतीबद्दल चार शब्द बोलणार, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

कारणबाई त्या दिवशी टिपण पिशवीत घालून घरी गेली. तिची एक पद्धत होती. टिपण लिहिलं की स्वयंपाकघरात सासूबाईंना वाचून दाखवायची. सासूबाई शाळा फार शिकल्या नव्हत्या, पण त्यांना समजलं तर कुणालाही समजेल, असा तिचा हिशेब. त्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं वाचलं, "सातव्या तक्त्यातील वाढ काही तांत्रिक घटकांशी निगडित असून, त्यांचा आढावा घेतला जात आहे."

सासूबाई म्हणाल्या, "कुणाला वाचवतेयस?"

"कुणाला नाही, आई."

"अगं, एवढा मऊ बिछाना घातलायस म्हणजे त्यावर कुणीतरी झोपलेलं असणार. तांत्रिक घटक म्हणजे काय गं, भूत का?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी भाजीची देठं एका बाजूला सारली आणि म्हणाल्या, "त्या माणसानं तुला खरं लिहायला शिकवलं ना? मग त्याच्या बाबतीत खोटं लिहिलंस, तर त्याची शिकवणच बुडाली. पण आधी त्याला दाखव. परस्पर वाचायला लागू नये त्याला."

दुसऱ्या दिवशी तिनं दोन टिपणं लिहून नेली. एक मऊ, एक सरळ. साहेबांपुढं सरळ ठेवलं. मऊ पिशवीतच राहिलं, पण हात पिशवीवर होता.

साहेबांनी वाचलं. खालून वर वाचलं, मग पुन्हा वरून खाली. खिडकीबाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं, त्याची टिक टिक चालली होती. ती थांबली तसा त्यांनी कागद खाली ठेवला.

"पाच तिमाह्या शेजारी शेजारी लावल्यास," ते म्हणाले. "चांगलं केलंस. अंदाजाशी ताडून बघितलं असतं तर हे दिसलंच नसतं."

"साहेब, सुरुवात मी जराशी वेगळी करू शकते. बचत आधी लिहिते, मग—"

"बचत कुठली? नऊ लाख वाचवले आणि दुरुस्तीवर एकवीस घालवले. याला बचत म्हणायचं तर माझ्या हिशेबाच्या पदवीची सुरळी करून चुलीत घाल." ते हसले, पण हसू ओठांच्या कडेलाच राहिलं. मग पेन काढून त्यांनी तिच्या एका वाक्यावर आडवी रेघ मारली. वाक्य होतं, 'सील बदलण्याचा निर्णय तेव्हाच्या परिस्थितीत योग्य होता.'

"हे कुणी विचारलं तुला?"

"खरं आहे ते."

"असेल. पण ते माझं समर्थन आहे, खर्चाचं कारण नाही. टिपणात माणसं सांभाळायची नसतात." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं मात्र तू घाई केलीस. दर तीन कामांतल्या दोनांचं कारण सील. उरलेल्या एकाचं?"

"अजून कळलं नाही."

"मग तसं लिही. कळलं नाही, शोधतोय. सगळं खापर सीलवर फोडशील आणि उद्या दुसरं काही निघालं, तर पुढच्या खेपेला तुझं खरंही कुणी खरं मानणार नाही. आणि पुढं काय होणार ते?"

तिनं शेवटची ओळ दाखवली. नव्या सीलचे पंप आधीच गिऱ्हाइकांच्या घरी पोचलेले आहेत. आज सील बदललं तरी पुढच्या दोन तिमाह्या खर्च उतरणार नाही. त्यासाठी या तिमाहीतच तरतूद काढून ठेवली आहे.

साहेबांनी मान डोलावली. ते म्हणाले, "हे सोनं आहे. हे नसतं, तर पुढच्या वेळी खर्च तसाच बघून परत मिस्त्रीच्या मानेवर बसले असते."

बैठक मोठ्या लाकडी टेबलाभोवती झाली. कारणबाई भिंतीकडेच्या खुर्चीत होती, विचारलं तरच बोलायचं अशा जागेवर. विभाग बंद करा म्हणणारे संचालक सातव्या तक्त्यावर आले, खालच्या ओळी वाचल्या, आणि मागं जाऊन दुसरा तक्ता उघडला. पानं उलटल्याचाच आवाज तेवढा.

"म्हणजे दुरुस्तीवाले स्वस्तच पडतायत," ते हळू म्हणाले.

"एका कामाला पूर्वी पडायचे तेवढेच," साहेब म्हणाले. "वाढ आमच्या बाजूनं, सीलमुळं झाली आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि, नोंदीसाठी म्हणून, ठाऊक असलेलंच विचारलं. "सील बदलायचं कुणी ठरवलं होतं?"

कारणबाईनं खाली बघितलं. टिपणात ते नाव नव्हतं, आणि टेबलाभोवती कुणी ते घेतलंही नसतं.

"मी," साहेब म्हणाले. "दर बघितला, गळती बघितली नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "जुना पुरवठादार परत आणा. दुरुस्ती विभाग आहे तसा राहू दे." आणि आठव्या तक्त्याकडे वळल्या. एवढंच झालं. सात माणसांचं पोट त्या एका वाक्यानं जागेवर राहिलं.

निरोपसमारंभात बचतीचा उल्लेख झाला नाही. अध्यक्षबाई साहेबांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलल्या. मिस्त्री आणि त्याची माणसं मागच्या रांगेत उभी होती, टाळ्या त्यांच्याच जास्त वाजल्या. साहेबांना पोचवायला कारणबाई फाटकापर्यंत गेली. दोघंही हवेबद्दल बोलले.

पुढची तिमाही आली. आता अहवाल तिचा एकटीचा होता. सातव्या तक्त्यात खर्च तसाच चढा, सांगितला होता तेवढाच. तिनं टिपण लिहिलं, आणि घरी जाण्याआधी फोन उचलला.

"साहेब, दोन मिनिटं आहेत का?"

"झाडांना पाणी घालतोय. वाच."

तिनं वाचलं : 'दुरुस्तीचा खर्च अपेक्षेप्रमाणे चढा आहे...'

"कुणाच्या अपेक्षेप्रमाणे?" तिकडून आवाज आला. "संचालक म्हणतील, आम्ही तर अपेक्षा केली नव्हती. मागच्या अहवालात सांगितल्याप्रमाणे, असं लिही. म्हणजे त्यांना आठवेल, की तू आधी सांगितलं होतंस."

तिनं खोडलं, लिहिलं. "आणि ती उरलेली कामं? कारण सापडलं, साहेब. बसवणाऱ्यांनी पाइप तिरका जोडला होता. शेवटच्या ओळीत घेतलंय."

"वाच ती."

तिनं वाचली. तिकडून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, बादलीत नळ सोडल्यासारखा.

"साहेब?"

"आहे मी. बरोबर आहे, एक शब्दही हलवू नकोस." मग ते म्हणाले, "पुढच्या तिमाहीलाही फोन कर. चूक नसली तरी कर."